चिठ्ठीवरची मिरची

रात्रीचे साडेआठ. हॉटेलच्या पार्सल काउंटरवर गर्दीची वेळ. भटारखान्याच्या खिडकीत ठेवलेल्या छोट्या प्रिंटरमधून कर्रकन एक चिठ्ठी बाहेर येते. हॉटेलवाले तिला 'केओटी' म्हणतात, म्हणजे किचन ऑर्डर तिकीट. वर ऑर्डरचा नंबर, खाली 'व्हेज कोल्हापुरी 1, बटर रोटी 4', आणि त्याच्याही खाली गिऱ्हाइकानं मोबाइलवरून धाडलेली सूचना:

```
≡ƒî╢∩╕Å αñòαñ«αÑÇ ≡ƒÖÅ
```

आचारी चिठ्ठी उलटीसुलटी करून बघतो, खिळ्याला टोचतो आणि कढईकडे वळतो. व्हेज कोल्हापुरी जशी रोज होते तशीच होते, म्हणजे चांगली सणसणीत. तिकडे ऑर्डर देणारी व्यक्ती मात्र निश्चिंत असते. तिनं स्पष्ट लिहिलेलं असतं: '🌶️ कमी 🙏'.

या चिठ्ठीत कुणाचा हलगर्जीपणा नाही. आपण ऑर्डर देताना इमोजी टाकतो तेव्हा ती आपल्या मोबाइलच्या पडद्यावर दिसते, म्हणून ती वाचणाऱ्यालाही तशीच दिसणार असं आपण धरून चालतो. पण ऑर्डर मोबाइलवरून अ‍ॅपच्या सर्व्हरवर जाते, तिथून हॉटेलच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये, तिथून प्रिंटरमध्ये आणि शेवटी कागदावर. या प्रत्येक टप्प्यावर इमोजी वेगळ्या हातात पडते, आणि भटारखान्यातला प्रिंटर हा त्यातला सगळ्यात अडाणी हात.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. 🌶 हे चिन्ह आजच्या पद्धतीत 240, 159, 140 आणि 182 अशा चार आकड्यांनी लिहिलं जातं. बिलं छापणाऱ्या प्रिंटरजवळ मात्र स्वतःचा एक जुना तक्ता असतो. बहुतेकांमध्ये मुळात बसवलेला तक्ता 'कोड पेज 437' या नावाचा, 1981 साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरपासून चालत आलेला. त्या तक्त्यात 240 म्हणजे तीन आडव्या रेघा, 159 म्हणजे ƒ, 140 म्हणजे टोपी घातलेला î. प्रिंटर प्रामाणिकपणे एकेका आकड्याचं एकेक चिन्ह छापत जातो आणि एका मिरचीची चार भुतं होतात. वरच्या चिठ्ठीत मधलं 'कमी'सुद्धा गेलंय, हे लक्षात आलं असेलच. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन आकड्यांचं. 'क' म्हणजे 224, 164, 149. जुन्या तक्त्यात त्याचीही तीच गत होते. तेव्हा शुद्ध मराठीत लिहिलं म्हणजे सुटलो, असंही नाही.

सगळे प्रिंटर असेच वागतात असं नव्हे. काही सॉफ्टवेअर न कळणाऱ्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकतात, काही रिकामा चौकोन. काही ते चिन्ह गुपचूप गाळूनच टाकतात, आणि ते सगळ्यात वाईट, कारण काहीतरी गळलंय याचा कागदावर मागमूस राहत नाही. नव्या धाटणीची सॉफ्टवेअर्स अख्खी चिठ्ठी चित्र म्हणून छापतात. तिथं मराठी नीट उमटतं आणि इमोजीही उमटते. पण कशी उमटते तेही बघण्यासारखं आहे. हे प्रिंटर शाई वापरत नाहीत, उष्णतेनं कागद काळा करतात. एका मिलिमीटरमध्ये साधारण 8 ठिपके, आणि नेहमीच्या एका अक्षराला 12 बाय 24 ठिपक्यांची जागा, म्हणजे दीड मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर उंच. एवढ्याशा जागेत लाल मिरची, केशरी गाजर आणि जांभळं वांगं यांच्यातला फरक फक्त रंगाचा उरतो, आणि रंग तर नाहीच. शिगेताका कुरिता यांनी 1999 मध्ये जपानच्या डोकोमो कंपनीसाठी 176 चिन्हांचा जो प्रसिद्ध संच केला, तो तर 12 बाय 12 ठिपक्यांतच बसवलेला होता आणि वाचताही यायचा. तो तेवढ्या जागेसाठीच काढलेला होता. आजची मिरची चकचकीत रंगीत पडद्यासाठी काढलेली आहे.

रंगाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगतो. 'शाकाहारीच द्या' हे ठसवायला लोक हिरवा गोळा 🟢 टाकतात. कागदावर हिरवा गोळाही काळा आणि लालही काळा. आपल्याकडे पाकिटावरच्या खुणेत ही अडचण आधीच ध्यानात आली होती. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत मांसाहाराच्या खुणेतला तपकिरी गोळा काढून त्रिकोण आणला गेला, तो रंग न ओळखता येणाऱ्यांनाही फरक कळावा म्हणूनच.

इथपर्यंतचा घोटाळा निदान डोळ्यांना दिसतो. चिठ्ठीवर भुतं उमटली तर काउंटरवरचा माणूस गिऱ्हाइकाला फोन तरी करू शकतो. खरा धोका आहे तो न दिसणाऱ्या घोटाळ्यात.

समजा, भरल्या वांग्याच्या ऑर्डरबरोबर एका बाईंनी लिहिलं: 'तिखट कमी 🙏 शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, कूट घालू नका'. हे वाक्य हॉटेलच्या सॉफ्टवेअरच्या साठवणीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, जातं. मायएसक्यूएल हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस आहे. त्यात `utf8` या नावानं जी मांडणी वर्षानुवर्षं वापरली गेली, ती एका अक्षराला फार तर तीन आकडे देते. देवनागरीला तीन पुरतात, म्हणून मराठी त्यात सुखानं नांदतं. बहुतेक इमोजींना मात्र चार लागतात. त्यांच्यासाठी `utf8mb4` ही मोठी मांडणी 2010 मध्ये आली, आणि नव्या डेटाबेसला ती आपोआप मिळू लागली ती 2018 च्या आवृत्तीपासून. त्याआधी उभं राहिलेलं आणि कुणी हात न लावलेलं सॉफ्टवेअर असेल, आणि त्याची तपासणी ढिली ठेवलेली असेल, तर ते चार आकड्यांचं चिन्ह आलं की तिथंच वाक्य तोडतं. फक्त इमोजी गळत नाही, तिच्यापुढचं सगळंच गळतं. म्हणजे वरच्या सूचनेतलं छापून काय येईल?

```
तिखट कमी
```

बस. नमस्कारही गेला आणि शेंगदाणेही गेले. आचारी ही सूचना मनापासून पाळेल, तिखट कमी घालेल आणि कूट नेहमीसारखं मूठभर घालेल. बाई पहिला घास घेतील, भाजी खरंच बेताची तिखट लागेल आणि त्यांना वाटेल, वा, चिठ्ठी नीट वाचलेली दिसते. अर्धी सूचना पाळली जाणं हे अजिबात न पाळण्याहून घातक ठरतं ते असं. तीच इमोजी वाक्याच्या शेवटी असती, तर फार तर नमस्कार हरवला असता.

आणि गंमत म्हणजे याच जागी ❤ टाकलं असतं तर काही बिघडलं नसतं. ते चिन्ह इमोजीचं युग येण्याच्या आधीपासून अक्षरांच्या यादीत होतं, तीन आकड्यांत बसतं. कुठली इमोजी वाक्य तोडते आणि कुठली नाही, हे गिऱ्हाइकानं लक्षात ठेवावं अशी अपेक्षा करणंच हास्यास्पद आहे.

आता समजा सगळं जुळून आलं. प्रिंटर नवा, सॉफ्टवेअर नवं, इमोजी जशीच्या तशी उमटली. मग कळतं की भटारखान्यात केओटी वाचली जात नाही, ऐकली जाते. छोट्या-मध्यम हॉटेलांत खिडकीवरचा एक जण चिठ्ठी ओढतो आणि ओरडतो, 'एक पनीर हंडी, कांदा-लसूण नाही!' शेगडीवरचा माणूस मान न वळवता 'हो' म्हणतो. एका हातात पळी, दुसऱ्यात तवा, समोर एक्झॉस्टचा आवाज. तिथं '🌶🌶' ओरडायचं कसं? 'दोन मिरच्या' म्हणालं तर आचारी दोन मिरच्या चिरून वर टाकेल, आणि त्याची काही चूक नसेल. बरं, गिऱ्हाइकाला तरी काय म्हणायचं होतं? मेनूकार्डावर पदार्थापुढे दोन मिरच्या म्हणजे हा तिखट आहे अशी खूण. सूचनेत दोन मिरच्या म्हणजे तिखट करा, की तिखटाची भीती वाटते? '🔥' तर त्याहून कठीण. एकाला गरमागरम हवं असतं, दुसऱ्याला झणझणीत, आणि तिसऱ्यानं नुसती खुशी व्यक्त केलेली असते, कारण शनिवार आहे.

सूचनांमध्ये सर्वात जास्त वेळा काय लिहिलं जातं याचा विचार केला तर बहुतेक सूचना नकाराच्या असतात. कांदा नको, बर्फ नको, कोथिंबीर नको, चमचे नकोत. आणि चित्राला नेमकं नाही म्हणता येत नाही. 🥜 म्हणजे शेंगदाणे, एवढंच. ते घाला की घालू नका, हे चित्रात नाही. त्यावर उपाय म्हणून लोक 🚫 लावतात. मग '🧅🚫🧄' असं आलं की ती बंदी डावीकडच्या कांद्यावर की उजवीकडच्या लसणीवर, हा वाद सुरू. त्यातून ते चिन्ह वाटेत गळलं तर काय होईल? 'कांदा 🚫 लसूण चालेल' या सूचनेतून बंदी गळली की उरतं 'कांदा लसूण चालेल'. अर्थ नुसता हरवला नाही, उलटा झाला. प्रश्नचिन्ह नाही, चौकोन नाही, वाक्य अगदी व्याकरणशुद्ध. हे वाचून कोण कशाला शंका घेईल?

याच्या शेजारी 'जैन' हे दोन अक्षरी लेबल ठेवून बघा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही हॉटेलात 'जैन' अशी हाक दिली की कांदा नाही, लसूण नाही, बटाटा आणि जमिनीखालचं इतर काही नाही, हे सगळं एका दमात पोचतं. ऑर्डर घेणाऱ्यापासून डब्यावर चिकटवायच्या स्टिकरपर्यंत ती खूण टिकते. त्या खुणेमागं स्वयंपाकघरानं ठरवलेली पद्धत उभी आहे: वेगळी ग्रेव्ही, कधीकधी वेगळी कढई. तुमच्या मनातल्या कांद्याच्या चित्रामागं तसं काही उभं नाही.

पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र माझं मत बदलतं. त्याच्याकडे कागद नसतो, मोबाइलच असतो, त्यामुळे इमोजी रंगासकट दिसण्याची शक्यता बरीच जास्त. तो सूचना वाचतो ती सिग्नलला थांबून, हेल्मेटच्या काचेतून, दोन सेकंदांत. पुण्या-मुंबईत तो बिहारचा असू शकतो, बंगालचा असू शकतो; त्याला तुमचं मराठी वाचता येईलच असं नाही. 'घरी 🐕 आहे' हे त्याला कुठल्याही भाषेच्या आधी कळेल, आणि फाटक उघडण्यापूर्वी कळलेलं बरं. घंटेवर काट मारलेली 🔕 हीसुद्धा चांगली खूण आहे, कारण इथं नकार चित्रातच गोवलेला आहे, शेजारी लटकवलेला नाही.

पण इथंही एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. त्या मुलाला कारण नको असतं, कृती हवी असते. दारावर पोचल्यावर त्याच्यासमोर चारच प्रश्न असतात: बेल वाजवू का, फोन करू का, दारात ठेवू का, की वर येऊन हातात देऊ? '👶😴' यातून त्याला बाळ झोपलंय हे कळतं, मग तो शहाणपणानं बेल वाजवत नाही आणि फोन करतो. तुमचा फोन नेमका बाळाच्या उशाशी. 'बेल नको, फोन नको, दारात ठेवा' एवढं लिहिलं असतं, किंवा अ‍ॅपमध्ये अशा सूचनांसाठी तयार बटणं दिलेली असतात ती दाबली असती, तर काम झालं असतं. ही बटणं इमोजीपेक्षा सरस आहेत ती एका साध्या कारणानं: वाचणाऱ्यानं स्वतःचं अ‍ॅप ज्या भाषेत ठेवलंय, त्या भाषेत ती त्याला दाखवता येतात.

मोबाइल जुना असला की पुन्हा वेगळी तऱ्हा. इमोजी दर काही काळानं नव्या येतात. लिफ्टची 🛗 ही इमोजी 2020 च्या संचात आली. त्याआधीच्या अँड्रॉइडवर अडकलेल्या मोबाइलमध्ये तिच्या जागी साधारणपणे कोरा चौकोन दिसतो. तुम्ही लिहिता '🛗 बंद आहे, वर येऊ नका, मीच खाली येतो'. त्याला दिसतं '▯ बंद आहे' आणि पुढचं. एवढ्या लांब वाक्यात तो सावरून घेईल. पण नुसतंच '🛗 बंद' लिहिलं असेल, तर काय बंद आहे? गेट? रस्ता? की हॉटेल? कांदा आणि लसूण तरी कुठे जुने आहेत. त्यांची चित्रं 2019 ची.

चेहऱ्यांबद्दल थोडक्यात. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये लोकांना तेच चित्र, अगदी त्याच रूपात दाखवलं, तरी त्यातला भाव चांगला, वाईट की मधला यावर सुमारे एक चतुर्थांश वेळा त्यांचं एकमत झालं नाही. 'मागच्या वेळी रस्सा सांडला होता 🙂' यातलं स्मित लिहिणाऱ्याला मवाळपणा वाटतो, वाचणाऱ्याला टोमणा. दहा तास उभ्या असलेल्या माणसाला टोमणाच वाटणार.

कुरियरमध्ये इमोजीला जवळजवळ वावच नाही. तिथं लेबलही उष्णतेनंच छापलं जातं, आणि केंद्रावर पार्सलची वर्गवारी बारकोड, पिनकोड आणि मार्गाच्या क्रमांकावर होते. तुमची सूचना वाचणारा शेवटचा एकच माणूस असतो. लोक पत्त्याच्या रकान्यात 🏠 किंवा ❤️ घालतात आणि मर्यादित अक्षरांतली जागा खातात, कधी घराचा नंबरच कापला जातो. सामान जपून हाताळण्याच्या खुणा मात्र तिथं फार आधीपासून आहेत: उभा पेला म्हणजे नाजूक, छत्री म्हणजे ओलं होऊ देऊ नका, वर जाणारे दोन बाण म्हणजे ही बाजू वर. आयएसओ 780 या मानकात त्या ठरवून दिलेल्या आहेत, आणि त्या खोक्यावर ठळक, एका रंगात छापायच्या असतात. त्या पेल्याची नक्कल म्हणून कुणी सूचनेत 🍷 टाकलं, तर वाचणारा खोक्यात दारू आहे असं समजायचा.

मुंबईच्या डबेवाल्यांकडे बघितलं की या सगळ्यातला फरक लख्ख दिसतो. डब्याच्या झाकणावर रंगानं काढलेले आकडे आणि अक्षरं सांगतात की डबा कुठल्या भागातून उचलला, कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर न्यायचा. पाहणाऱ्या तुम्हा-आम्हाला त्यातलं काही कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. ती खूण डबा वाहणाऱ्यांनी स्वतःसाठी ठरवली आहे. गिऱ्हाईक त्या झाकणावर स्वतःचं काही चितारत नाही. इमोजीचं उलटं आहे: खूण पाठवणाऱ्याची, अर्थ लावायचा वाचणाऱ्यानं, आणि दोघांचं बोलणं कधी झालेलंच नाही.

मग करावं काय? जेवणाच्या सूचनेत नकार शब्दात लिहावा आणि पहिल्यांदा लिहावा. एका सूचनेत एकच पदार्थ, एकच गोष्ट. नमस्कार, हृदय, फूल जे काही प्रेमानं टाकायचं ते अगदी शेवटी. अ‍ॅलर्जी असेल तर सूचनेवर विसंबूच नये. हॉटेलचा नंबर लावून काउंटरवरच्या माणसाला सांगावं, तो केओटीवर पेनानं लिहितो आणि त्याभोवती गोल करतो.

आपल्या नेहमीच्या हॉटेलचा प्रिंटर कसा आहे हे ओळखायची एक सोय घरबसल्या असते. पार्सलच्या पिशवीला पुष्कळदा बिल किंवा केओटीची प्रत टाचलेली येते. फेकण्यापूर्वी तिच्यावर आपली सूचना शोधावी. मराठी नीट छापलं गेलं असेल तर खुशाल मराठीत लिहीत राहावं. चौकोन, प्रश्नचिन्हं किंवा वर दाखवलेली भुतं दिसली, तर पुढच्या वेळी त्या हॉटेलसाठी भाषेचा अभिमान तेवढ्यापुरता बाजूला ठेवून साध्या रोमन अक्षरांत लिहावं. ती अक्षरं जुन्यातल्या जुन्या तक्त्यातही आहेत, आणि खिडकीवरच्या माणसाला ती जशीच्या तशी ओरडता येतात:

```
KANDA LASUN NAKO. TIKHAT KAMI.
```